कटआउट सोपा होतो तो फोटो काढतानाच

ठाण्यात वर्षभर कुठल्या ना कुठल्या नाक्यावर फ्लेक्स लागलेला असतो. त्यावरच्या चेहऱ्यांकडे जरा निरखून पाहिलं, तर डोक्याभोवती पांढरट नाहीतर हिरवट रेघ दिसते. कुणाचे केस हेल्मेट घातल्यासारखे गुळगुळीत झालेले असतात, कुणाचा कान अर्धाच उरलेला असतो. बघणारे म्हणतात, डिझायनरने नीट कापलं नाही. फोटोतला माणूस मागच्या दृश्यापासून कापून वेगळा करायचं, म्हणजे कटआउटचं, काम मी स्वतः करतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल. पण बहुतेक वेळा फोटो आमच्यापर्यंत येतो तेव्हाच त्याची कड बिघडलेली असते. मग पेन टूलने तासभर कापा नाहीतर ॲपला कापायला लावा, निकालात फार फरक पडत नाही. फोटो काढताना मागे काय होतं, माणूस त्यापासून किती लांब उभा होता आणि उजेड कुठून येत होता, यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं.

हे का, ते कळायला कड म्हणजे काय ते आधी पाहू.

पायापासून डोक्यापर्यंत एका बाईचा उभा फोटो आहे असं धरा. फोटोत वरपासून खालपर्यंत साधारण ७ फूट जागा येते आणि १२ मेगापिक्सेलच्या फोटोत त्या उंचीला ४००० पिक्सेल मिळतात. म्हणजे एक पिक्सेल सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा झाला. डोक्याचा केस त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका जाड असतो. त्यामुळे कपाळावर सुटलेली एकटी बट फोटोत ‘केसाच्या रंगाची’ नसतेच. त्या पिक्सेलमध्ये थोडा केस असतो आणि उरलेली सगळी मागची भिंत असते. साडीची कड, बोटांची कड, कानाची पाळी यांच्याही काठावर अशा मिसळीची एक-दोन पिक्सेलची पट्टी असते. केसांत ती पट्टी बोटभर रुंद होते, एवढाच फरक.

बॅकग्राउंड काढायचं म्हणजे या प्रत्येक पिक्सेलला दोन प्रश्न विचारायचे: तुझ्यात माणूस किती, आणि त्या माणसाचा खरा रंग कोणता? कपातला तयार चहा बघून कोरा चहा किती कडक होता आणि दूध किती घातलं, हे दोन्ही सांगण्यासारखंच हे आहे. दूध कसलं होतं तेही ठाऊक नसेल तर सगळाच अंदाज.

आकड्यांत सांगायचं तर पिक्सेल आपल्याला तीन आकडे देतो: लाल, हिरवा आणि निळा. आपल्याला हवे असतात सात. माणसाच्या रंगाचे तीन, मागच्या रंगाचे तीन आणि दोघांच्या वाट्याचा एक. तीन माहितीवर सात उत्तरं निघत नाहीत. मागचा रंग सगळीकडे सारखा आणि माहितीचा असला, की सातातले तीन सुटतात आणि चार उरतात. केसांचा रंग शेजारच्या दाट केसांवरून धरता येतो, मग खरा प्रश्न एकच राहतो, वाटा किती. साध्या, एकरंगी पडद्याचा फायदा हा एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे. मागे पुस्तकांचं कपाट, खिडकीचे गज किंवा तलावपाळीवरची गर्दी असेल, तर प्रत्येक केसामागचा रंग वेगळा असतो आणि गणित पुन्हा सातावर जातं.

हिरवी नऊवारी, पांढरा गजरा

आता एक प्रत्यक्ष काम घेऊ. वर्तकनगरच्या एक ताई शिवलेल्या नऊवारी विकतात. पाडव्याच्या शोभायात्रेआधी त्यांच्याकडे मागणी वाढते, म्हणून त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: ग्राहकांना पाठवायला पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो, आणि दुकानाबाहेर लावायला गडद मरून रंगाचा फ्लेक्स. साडी नेसणार होती त्यांची भाची. बाटलीहिरवी नऊवारी, जरीचे काठ, हातात हिरवा चुडा, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा आणि कपाळावर दोन बटा मुद्दाम सोडलेल्या. फोटो घरच्याच हॉलमध्ये काढायचे होते. हॉल १४ फूट लांब, एका टोकाला बाल्कनीचा सरकता दरवाजा.

ताईंचा पहिला प्रश्न सरळ होता. “भिंत पांढरीच आहे की. चादर कशाला लावायची?”

पांढऱ्या भिंतीवर अडचण गजऱ्याची होती. पांढरी फुलं आणि पांढरी भिंत यांच्यात कडच राहत नाही. कापताना अर्धा गजरा भिंतीबरोबर निघून जातो. दुसरी अडचण जास्त उजेडाची. मागचा पांढरा रंग प्रमाणाबाहेर उजळ झाला, की लेन्समध्ये त्याचा उजेड कडेवरून आत सांडतो, आणि पातळ बटा त्यात विरघळून जातात. फोटोत त्या आलेल्याच नसतात, त्यामुळे नंतर आणताही येत नाहीत. वर फोन स्वतःहून कडा धारदार करतो. त्या नादात काळ्या केसांना लागून एक उजळ रेघ उमटते. फ्लेक्सवर दिसणारी पांढरी रेघ बऱ्याचदा हीच असते.

मग हिरवा पडदा? टीव्हीवाले वापरतात म्हणून तो सगळ्यांना सुचतो. हिरव्याची निवड होते त्याला कारणं आहेत: माणसाच्या त्वचेत तो रंग कमी असतो, आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरव्याचे ठिपके लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे त्या रंगात बारकावा चांगला टिकतो. पण इथे साडी हिरवी, चुडा हिरवा. पडद्याबरोबर साडीतच भोकं पडली असती. शिवाय भडक हिरवा पडदा आपला रंग माणसावर टाकतो. गालाचा आणि मानेचा जो भाग कॅमेऱ्यापासून वळत जातो, तिथे पृष्ठभागावर उजेड अगदी तिरपा पडतो आणि मागच्या पडद्याचं प्रतिबिंब सर्वांत ठळक उमटतं. तेल लावलेल्या केसांवर तर जास्तच. म्हणजे जी कड कापायची, नेमकी तीच हिरवट होते. लग्नसमारंभातले कपडे कापायचे असतील तर मी हिरव्या पडद्याच्या वाट्याला जात नाही. आपल्याकडे हिरवा रंग कुठे ना कुठे असतोच.

काळा पडदा केसांमुळे बाद. उरला राखाडी, आणि तो कोणता घ्यायचा हेही जरा विचार करून ठरवावं लागतं. कडेवर येणाऱ्या सगळ्या गोष्टी उजेडाच्या क्रमाने मांडल्या तर सर्वांत काळे केस, मग बाटलीहिरवी साडी, मग त्वचा, मग जरीचे काठ आणि सर्वांत उजळ गजरा. पडदा या रांगेत अशा ठिकाणी बसायला हवा, की त्याच्या शेजारी कुणी नको. भाचीचा वर्ण गव्हाळ, त्यामुळे मध्यम राखाडी घेतला असता तर हाताचा आणि पडद्याचा उजेड जवळपास सारखा झाला असता. त्याहून फिकट, पण पांढऱ्यापासून स्पष्ट वेगळा असा राखाडी बरा. त्यात थोडी निळसर झाक असेल तर उत्तमच, कारण रंगचक्रावर त्वचा आणि जरीचे काठ दोन्ही पिवळ्या-नारिंगी बाजूचे आहेत आणि निळा त्यांच्या समोरच्या बाजूचा. ताईंच्या कपाटात अशा रंगाची साधी, बिनफुलांची एक सिंगल चादर निघाली. ५ फूट बाय साडेसात फूट. तिला इस्त्री करून घेतली, कारण प्रत्येक सुरकुती म्हणजे एक उजळ आणि एक गडद रेघ, आणि ती केसांच्या मागे आली की केसांसारखीच दिसते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. फक्त रंग वेगळा असून भागत नाही, उजेडातही फरक हवा. फोनचा फोटो जेपेग म्हणून साठवला जातो तेव्हा उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवली जाते, पण रंगाची माहिती सहसा दोन-बाय-दोन पिक्सेलच्या चौकटीत मिळून एकदाच ठेवतात. त्यामुळे लाल आणि हिरवा शेजारी असून दोघांचा उजेड सारखा असेल, तर डोळ्यांना वेगळी दिसणारी ती कड फाइलमध्ये फिसकटलेली असते. हे तपासायला सोपं आहे. एक फोटो काढा, फोनच्या एडिटमध्ये तो कृष्णधवल करा आणि बोटाने माणसाची बाह्यरेषा गिरवत जा. जिथे रेषा हरवते तिथे कापताना त्रास होणार.

चौदा फुटांची वाटणी

चादर भिंतीवर लावली, आता माणूस कुठे उभा करायचा? बहुतेक लोक भिंतीला टेकवून उभं करतात आणि तिथेच दोन गोष्टी बिघडतात. माणसाची सावली थेट चादरीवर पडते, डोक्याशेजारी दुसरं काळं डोकं तयार होतं. आणि चादरीवरून उसळलेला उजेड जवळूनच माणसाच्या कडांवर येतो. माणूस जसजसा पुढे सरकतो, तसतशी त्याच्या नजरेतून चादर लहान होत जाते आणि तिचा रंग अंगावर कमी येतो. सावलीही खाली जमिनीवर उतरते.

मी साधारण ४ ते ६ फूट अंतर ठेवतो. या हॉलमध्ये भाचीला चादरीपासून ५ फुटांवर उभं केलं. उरले ९ फूट. त्यातल्या ८ फुटांवर फोन ठेवला आणि मागे बाल्कनीच्या दरवाज्याशी फोटो काढणाऱ्याला एक फूट. अडचणीचं झालं, पण झालं.

फोन आणखी जवळ का आणला नाही, हे हिशेबाने पाहू, कारण छोट्या घरात चादर पुरणं हाच खरा प्रश्न असतो. कोपर बाहेर काढून उभी राहिलेली भाची साधारण अडीच फूट रुंद. फोन तिच्यापासून ५ फुटांवर आणि चादर तिच्यामागे ५ फुटांवर असेल, तर चादर फोनपासून १० फुटांवर येते. म्हणजे भाचीच्या दुप्पट अंतरावर. तेव्हा तिच्या अडीच फुटांमागे चादरीचे ५ फूट झाकले जातात. कडेला काहीच उरत नाही, कोपर जरा हललं की मागे टीव्हीचं टेबल. फोन ८ फुटांवर नेला की चादर १३ फुटांवर. १३ भागिले ८, म्हणजे सुमारे १.६. अडीच फुटांमागे आता ४ फूट लागतात आणि दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा फूट सुटतो. तीच चादर, तीच खोली. फोन लांब नेऊन थोडा झूम केला एवढंच. लांबून काढल्याचा आणखी एक फायदा: पुढे आलेला हात किंवा नाक फुगून दिसत नाही.

या हिशेबात एक मुद्दा दडलेला आहे जो फार थोड्यांच्या लक्षात येतो. चादरीने अख्खी चौकट भरायची गरज नाही. ती फक्त माणसाच्या बाह्यरेषेच्या मागे, चारी बाजूंनी वीतभर जास्त असली की पुरे. चौकटीच्या कोपऱ्यात कपाट, पंखा, सोफा काही का दिसेना. तो भाग आम्ही एका फटक्यात उडवतो. मोठा पडदा भाड्याने आणण्याआधी हे करून बघा.

पायांचं गणित मात्र वेगळं आहे. फोन कमरेच्या उंचीवर असेल तर डोक्यामागे चादर येते, पण पावलांमागे जमीनच येते. आणि आपल्या घरांतल्या चकचकीत टाइल्समध्ये साडीचं उलटं प्रतिबिंब पडतं. हिरव्या साडीचा काठ कुठे संपतो आणि टाइलमधला काठ कुठे सुरू होतो, ते खरंच कळत नाही. त्याच रंगाचं जरा जाड कापड नाहीतर मॅट कागद पावलांखाली आणि मागे ३-४ फूट अंथरला की झालं. पावलांखालची छोटी सावली राहू द्या. मी ती वेगळी कापून ठेवतो, कारण ती काढून टाकली की माणूस हवेत तरंगतो.

उजेड: एक माणसासाठी, एक चादरीसाठी

उजेडाचा एक गुण इथे उपयोगाला येतो. लहान दिव्यापासून अंतर दुप्पट केलं तर उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. तिप्पट केलं तर नववा हिस्सा. भाचीपासून ४ फुटांवर एक एलईडी दिवा ठेवला, तर तिच्यामागे ५ फुटांवरची चादर त्या दिव्यापासून ९ फुटांवर पडते. चादरीवर पोचणारा उजेड भाचीवरच्या उजेडाचा जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणजे हातात घेतल्यावर फिकट राखाडी दिसणारी चादर फोटोत कोळशासारखी गडद येते, आणि केस तिच्यात बुडतात. पांढऱ्या भिंतीवर काढलेला फोटो मळकट करडा का आला, असं लोक विचारतात, त्याचंही उत्तर हेच.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, चादरीचा रंग दुकानात ठरत नाही, तो दिव्याच्या अंतराने ठरतो. दोन, चादरीला स्वतःचा वेगळा उजेड दिला तर तो रंग आपल्या हातात येतो.

आम्ही काय केलं, तर माणसासाठी बाल्कनीचा उजेड घेतला. सकाळी दहाच्या सुमारास थेट ऊन येत नव्हतं, दरवाज्याला पातळ पांढरा पडदा होता, त्यामुळे उजेड मोठ्या, मऊ पट्ट्यातून येत होता. फोन अगदी दरवाज्याच्या मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवला, म्हणजे काढणाऱ्याची सावली पडली नाही आणि जरीला थोडा तिरपा उजेड मिळाला. समोरून सपाट उजेड कापायला सोपा असतो, पण त्यात जरीचा काठ पिवळ्या रंगाच्या पट्टीसारखा दिसतो. नऊवारी विकायची असेल तर तेवढी तडजोड करावी लागते. चादरीसाठी दोन सारखे एलईडी दिवे डाव्या-उजव्या बाजूला, चौकटीबाहेर, चादरीकडे तोंड करून ठेवले. दोन्ही बाजूंनी दिले की मध्ये आणि कडेला उजेड जवळपास सारखा राहतो. एकच दिवा एका बाजूने लावला तर चादर एकीकडे उजळ आणि दुसरीकडे काळपट होते, आणि ‘मागचा रंग एकच आहे’ हे आपलं गृहीतक मोडतं.

हॉलमधली ट्यूब आणि पिवळा दिवा बंद. बाल्कनीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आले की चादरीचे दोन रंग होतात आणि गालाच्या दोन बाजूंचेही. त्यातून काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. फोनने वेगवान शटर निवडलं तर चादरीवर आडवे पट्टे येतात. फोनच्या पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर प्रो मोडमध्ये शटर १/१०० वर ठेवा, बहुधा जातात.

आता त्या मरून फ्लेक्सचं. कडेच्या मिसळीतून मागचा रंग आपण कितीही काढला तरी थोडा उरतोच. फिकट राखाडीवर काढलेला फोटो पांढऱ्या पानावर ठेवला, तर उरलेला राखाडी केसांतल्या सावलीसारखा वाटतो, कुणाला कळत नाही. तोच कटआउट गडद मरूनवर ठेवला की प्रत्येक बटेभोवती धुकट वलय दिसतं. म्हणून फोटो कुठे लावायचा ते आधी विचारावं, आणि मागचा उजेड त्याच्या जवळपासचा ठेवावा. यासाठी दुसरी चादर आणावी लागत नाही. चादरीवरचे दोन दिवे बंद केले आणि प्रत्येक पोझचा आणखी एक फोटो घेतला. खोलीत खोल असलेली चादर बाल्कनीपासून लांब पडल्याने आपोआप गडद झाली. त्या फोटोत काही बारीक बटा मागच्या काळोखात हरवल्या, पण मरूनवर त्या तशाही दिसल्या नसत्या. गजरा मात्र झकास सुटून आला. भाची मधेच म्हणाली, “मावशी, दिवे गेले का?” पाडव्याच्या फ्लेक्ससाठी वापरलेले सगळे फोटो या दुसऱ्या संचातले होते.

फोन नको तिथे हुशारी करतो

एवढं सगळं करून फोन पोर्ट्रेट मोडवर असेल तर मेहनत पाण्यात. पोर्ट्रेट मोड मागचा भाग धूसर करतो, म्हणजे तो आपल्या आधी स्वतःच अंदाजाने माणूस कापतो. त्या अंदाजात सुटलेल्या बटा, गजऱ्याच्या बाहेर डोकावणारी फुलं आणि कोपर-कमरेमधली तिकोनी जागा हमखास चुकते, आणि ती चूक धूसरपणात कायमची मिसळते. साधा फोटो मोड ठेवा. रात्रीचा मोडही नको; तो अनेक फोटो एकावर एक रचतो, आणि केस हलले तर एका बटेच्या तीन बटा होतात. मोठा कॅमेरा असेल तर लेन्सचं तोंड, म्हणजे ॲपर्चर, एफ ५.६ ते ८ च्या आसपास ठेवा. एफ १.८ वर डोळे स्पष्ट येतात, पण अंबाडा आणि मागचा खांदा धूसर होतो, आणि धूसर कड कापणं म्हणजे कुठेही रेघ मारणं.

पंखा बंद. मार्चमधल्या ठाण्यात हे सांगणं सोपं नाही, पण पदर आणि बटा हलत्या ठेवून कड धारदार येत नाही. पोझ ठरेपर्यंत पंखा चालू, फोटोच्या वेळी अर्धा मिनिट बंद, असं आम्ही करत गेलो.

उजेड फोनवर सोडू नका. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोन फोकस आणि उजेड तिथेच अडकवून ठेवतात. तसं केलं नाही तर भाची हिरव्या साडीत जरा फिरली की चादर उजळते, गजरा समोर आला की काळवंडते, आणि वीस फोटोंत मागचे वीस रंग तयार होतात. त्याच सेटिंगमध्ये, फोन ट्रायपॉडवर तसाच ठेवून, भाचीला बाजूला करून रिकाम्या चादरीचाही एक फोटो घ्या. मागचा रंग कुठे किती होता याचा तो पुरावा असतो. चादरीवर एका कोपऱ्यात थोडा अंधार राहून गेला असेल तर या फोटोवरून तो हिशेबात धरता येतो.

पहिले दोन-तीन फोटो झाले की तिथेच थांबा आणि मोठे करून तीन जागा बघा. सुटलेली बट मुळापासून टोकापर्यंत वेगळी दिसते का. कोपर आणि कमरेमधल्या फटीतून फक्त चादरच दिसते का, की मागचं दुसरं काही. पावलांपाशी काठ आणि जमीन वेगळी ओळखू येते का. या तीन जागा साफ असतील तर बाकीचं सहसा साफ असतं. कधीकधी इथेच कळतं की चादरीवरचा उजेड एक पायरी जास्त आहे आणि गजऱ्याच्या पाकळ्या मिटायला लागल्यात. तेव्हा दिवा हातभर मागे सरकवायला दहा सेकंद लागतात. तेच संगणकावर दुरुस्त करायला अर्धा तास जातो, आणि तरी खोटं दिसतं.

फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकू नका. तो लहान करून, जास्त दाबून पाठवला जातो आणि त्यात आधी जातो तो कडेचा बारकावाच. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

जिथे हे पुरत नाही

जाळीची ओढणी, काचेचा पेला, पितळेची समई यांच्यापुढे चादरीची युक्ती थकते. जाळीतून मागचा रंग सगळीकडेच दिसतो, त्यामुळे तिथे कड अशी नसतेच, सगळं अंगच मिसळीचं. अशा कापडाचा फोटो शक्यतो जिथे लावायचा त्याच रंगावर काढलेला बरा. चकचकीत समईचं दुखणं उलटं आहे. तिच्या गोलाईच्या कडेवर आजूबाजूच्या वस्तूंचं प्रतिबिंब पडतं, आणि आजूबाजूला फिकट चादर असेल तर समईची कड फिकट होऊन चादरीत मिसळते. तिथे चौकटीच्या लगेच बाहेर, दोन्ही बाजूंना काळ्या कार्डपेपरची पट्टी उभी करायची. तिचं काळं प्रतिबिंब समईच्या कडेवर बारीक रेघ ओढतं आणि आकार सुटून दिसतो. पट्ट्या पुढे-मागे सरकवून रेघ हवी तेवढी जाड करता येते.

वस्तू हलत नसेल तर आणखी एक खात्रीचा मार्ग आहे. अल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी १९९६ मध्ये तो गणिताने मांडला: एकच वस्तू दोन वेगळ्या, माहितीच्या पार्श्वभूमींवर, तसूभरही न हलवता टिपायची. प्रत्येक पिक्सेलचे तीनऐवजी सहा आकडे मिळतात, उत्तरं हवी असतात चार, त्यामुळे अंदाज लावायला काही उरतच नाही. मोत्यांची नथ, काचेची बाटली, लेसची बाही असं काही असेल तर घरीही हे जमतं: फोन ट्रायपॉडवर, उजेड अडकवलेला, शटर टायमरवर म्हणजे फोनला हात लागत नाही. नथ एका बारीक तारेवर टांगायची, मागे एकदा काळा कागद, एकदा पांढरा. दोन्ही रिकाम्या कागदांचेही फोटो घ्यायचे. कागद नथीपासून किमान दोन फूट लांब हवेत, नाहीतर मोत्यांवर त्यांचा रंग उतरतो आणि दोन फोटोंत नथच वेगळी दिसते. माणसावर हे चालत नाही, कारण दोन फोटोंच्या मध्ये श्वासानेसुद्धा केस हलतात. तिथे आपली इस्त्री केलेली चादर आणि पाच फुटांचं अंतरच.